रोख्यांच्या किमतीतील बहिर्वक्रता : अवधीच्या अनुमानाची दुरुस्ती

व्याजाचे दर वाढले म्हणजे जुन्या रोख्यांच्या किमती उतरतात आणि दर उतरले म्हणजे त्या चढतात, हे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. किंमत किती उतरेल अथवा किती चढेल, हा प्रश्न मात्र गणिताचा आहे. या प्रश्नाचे जे उत्तर व्यवहारात सर्वप्रथम दिले जाते, ते अल्पशा बदलास पुरेसे असते. बदल मोठा झाला म्हणजे तेच उत्तर लक्षणीय प्रमाणात चुकते. ही चूक कोणत्या दिशेने होते, तिचे मूळ कशात आहे आणि ती कितपत दुरुस्त करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. इंग्रजीत ज्यास ‘ड्युरेशन’ म्हणतात, त्यासाठी येथे ‘अवधी’ हा शब्द योजिला आहे. रोख्याची ‘मुदत’ ही त्याहून निराळी. मुदत म्हणजे मुद्दल परत मिळेपर्यंतचा काळ. अवधी म्हणजे रोख्यापासून मिळणाऱ्या सर्व रकमांच्या काळांची सरासरी; मात्र ही सरासरी काढताना प्रत्येक रकमेच्या काळास तिच्या वर्तमान मूल्याच्या प्रमाणात वजन द्यावयाचे असते. ‘कॉन्व्हेक्सिटी’ या संज्ञेसाठी ‘बहिर्वक्रता’ हा शब्द घेतला आहे. भूमितीत व प्रकाशशास्त्रात तो मराठी वाचकाच्या परिचयाचा आहेच. वायदेबाजारातील दर आणि वायद्याबाहेरील करारांचे दर यांमधील एका फरकासही इंग्रजीत ‘कॉन्व्हेक्सिटीची दुरुस्ती’ असेच नाव आहे. त्या विषयाचा येथे संबंध नाही.

१

शंभर रुपये दर्शनी मूल्याचा, तीस वर्षे मुदतीचा आणि दरसाल ७ टक्के व्याज देणारा एक रोखा घेऊ. भारत सरकारच्या रोख्यांवरील व्याज सहामाही मिळते. परंतु आकडेमोड सुटसुटीत राहावी यास्तव येथे ते वर्षाच्या अखेरीस एकदाच मिळते असे मानले आहे. बाजारातील उत्पन्नदरही ७ टक्केच असेल, तर या रोख्याची किंमत बरोबर १०० रुपये होईल. याचे कारण असे की, पहिल्या वर्षाचे ७ रुपये, दुसऱ्या वर्षाचे ७ रुपये, अशा क्रमाने तिसाव्या वर्षाच्या १०७ रुपयांपर्यंत सर्व रकमा ७ टक्के दराने आजच्या मूल्यात आणल्या असता त्यांची बेरीज १०० भरते.

या रोख्याचा अवधी १३.२८ वर्षे येतो. फ्रेडरिक मेकॉले या अभ्यासकाने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही संकल्पना मांडली, ती रोख्याची खरी ‘लांबी’ मोजण्याचे साधन म्हणून. तीस वर्षांच्या मुदतीचे दोन रोखे, एक भरपूर व्याज देणारा व दुसरा मुळीच व्याज न देणारा, यांस सारख्याच लांबीचे म्हणणे त्याला योग्य वाटले नाही. पुढे असे ध्यानी आले की, या अवधीस एक अधिक उत्पन्नदर या संख्येने भागले असता जी संख्या मिळते, ती किमतीची संवेदनशीलता दाखविते. प्रस्तुत उदाहरणात १३.२८ भागिले १.०७ म्हणजे १२.४१. यास सुधारित अवधी म्हणतात. उत्पन्नदर एका टक्क्याने बदलला तर किंमत अदमासे १२.४१ टक्क्यांनी उलट दिशेने बदलेल, असा त्याचा अर्थ. नाव काळाचे, पण काम संवेदनशीलता मोजण्याचे, अशी या संज्ञेची स्थिती असल्यामुळे नव्या अभ्यासकाचा तिच्याविषयी बरेचदा घोटाळा होतो.

आता उत्पन्नदर ७ वरून ७.१ टक्क्यांवर गेला असे समजू. सुधारित अवधीच्या नियमाप्रमाणे किंमत १.२४ रुपयांनी उतरून ९८.७६ व्हावी. प्रत्येक रकमेचे नव्या दराने वर्तमान मूल्य काढून बेरीज केली, तर खरी किंमत ९८.७७ येते. एका पैशाच्या या फरकाकडे कोणी लक्ष देणार नाही.

परंतु उत्पन्नदर ७ वरून एकदम ९ टक्क्यांवर गेला तर? नियमाप्रमाणे घट २४.८२ रुपये, म्हणजे किंमत ७५.१८ रुपये. खरी किंमत मात्र ७९.४५ रुपये आहे. शंभर रुपयांमागे ४.२७ रुपयांचा हा फरक आहे. ज्या संस्थेजवळ असे एक हजार कोटी रुपयांचे रोखे असतील, तिच्या हिशेबात बेचाळीस कोटींहून अधिक रकमेची चूक राहील. उलट, दर ५ टक्क्यांवर उतरला तर नियम किंमत १२४.८२ सांगतो, खरी किंमत १३०.७४ असते. दोन्ही वेळी नियमाने सांगितलेली किंमत खऱ्या किमतीहून कमी आहे, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. घट होते तेव्हा नियम ती फुगवून सांगतो आणि वाढ होते तेव्हा तिला आखडून धरतो. चूक जेव्हा अशी एकाच बाजूस कलते, तेव्हा तिच्यामागे काही नियमबद्ध कारण असले पाहिजे.

२

ते कारण असे. उत्पन्नदर आडव्या अक्षावर व किंमत उभ्या अक्षावर मांडून आलेख काढला, तर तो सरळ रेषा नसून वक्र असतो. डावीकडे तो चढा असतो आणि उजवीकडे जाता जाता त्याचा उतार मंदावत जातो. अवधीचा नियम म्हणजे ७ टक्क्यांच्या बिंदूपाशी या वक्रास काढलेली स्पर्शिका. स्पर्शबिंदूच्या अगदी निकट स्पर्शिका व वक्र एकरूप भासतात. परंतु वक्र दोन्ही बाजूंस स्पर्शिकेच्या वर उचललेला असल्यामुळे, बिंदूपासून दूर गेल्यावर स्पर्शिकेने दाखविलेली किंमत खऱ्या किमतीच्या खालीच राहते.

वक्र असा का वाकतो, याचेही उत्तर आकृतीवर न थांबता रकमांच्या हिशेबात शोधले पाहिजे. ७ टक्के दराने पहिल्या वर्षीच्या ७ रुपयांचे वर्तमान मूल्य ६.५४ रुपये, आणि तिसाव्या वर्षीच्या १०७ रुपयांचे १४.०६ रुपये होते. दर ९ टक्के झाला की पहिली रक्कम ६.४२ वर येते, म्हणजे तिची घट दोन टक्क्यांहूनही कमी. शेवटची रक्कम मात्र ८.०६ वर उतरते. तिची घट जवळजवळ ४३ टक्के. येणेप्रमाणे दर वाढताना दूरच्या रकमा अधिक वेगाने आक्रसतात आणि एकूण किमतीतील त्यांचा वाटा कमी होतो. शेवटच्या रकमेचा वाटा ७ टक्के दराला १४ टक्के होता, तो ९ टक्के दराला १० टक्क्यांवर येतो. उलट ५ टक्के दराला तोच १९ टक्के होतो. दराच्या बदलाने ज्या रकमांचे सर्वाधिक नुकसान होते, त्यांचेच वजन त्या बदलाच्या ओघात घटत जाते. म्हणून पुढचा प्रत्येक टक्का मागच्या टक्क्याइतका जाचक राहत नाही.

हे रुपयांतही दाखविता येते. उत्पन्नदर ५ टक्के असताना त्यातील एका टक्क्याच्या बदलामागे या रोख्याची किंमत १८.८८ रुपये या वेगाने बदलत असते. ७ टक्क्यांना हा वेग १२.४१ रुपये, आणि ९ टक्क्यांना केवळ ८.४५ रुपये असतो. अवधीचा नियम ७ टक्क्यांपाशी असलेला १२.४१ चा वेग संपूर्ण प्रवासास लागू करतो. वेग वाटेत बदलतो, हे त्याच्या गावी नसते. बहिर्वक्रता म्हणजे या वेगाच्या बदलाचे माप.

३

गणिताच्या भाषेत किंमत हे उत्पन्नदराचे फल होय. टेलर श्रेणीने त्याचा विस्तार केला असता पहिल्या पदात पहिले विकलज येते, तो सुधारित अवधी; दुसऱ्या पदात दुसरे विकलज येते, ती बहिर्वक्रता. दोन्हींस किमतीने भागून घ्यावयाचे असते. D म्हणजे सुधारित अवधी, C म्हणजे बहिर्वक्रता, P म्हणजे किंमत आणि y म्हणजे उत्पन्नदर मानला, तर सूत्र असे होते :

```
ΔP/P ≈ −D·Δy + ½·C·(Δy)²
```

दराचा बदल अपूर्णांकात लिहावयाचा असतो. दोन टक्के म्हणजे ०.०२. बदल धन असो वा ऋण, त्याचा वर्ग धनच असतो. म्हणून दुसरे पद नेहमी किंमत वर उचलते, आणि स्पर्शिकेची चूक ज्या एका बाजूस कलली होती तीच बाजू ते भरून काढते.

बहिर्वक्रता काढण्याची रीत अवधीच्या रीतीसारखीच आहे. अवधीत प्रत्येक रकमेच्या वर्तमान मूल्यास वर्षांच्या संख्येने गुणतात. येथे त्यास वर्षांची संख्या व तिच्यापुढची संख्या यांच्या गुणाकाराने गुणावयाचे. पहिल्या वर्षासाठी १ गुणिले २ म्हणजे २, आणि तिसाव्या वर्षासाठी ३० गुणिले ३१ म्हणजे ९३०. सर्वांची बेरीज करून तीस किमतीने, आणि मग एक अधिक उत्पन्नदर याच्या वर्गाने भागावे. काळाचा हा जवळजवळ वर्गच असल्यामुळे दूरच्या रकमांचा प्रभाव येथे अवधीपेक्षाही फार मोठा ठरतो. प्रस्तुत रोख्याची बहिर्वक्रता २४९.३ येते, तिचे एकक वर्षांचा वर्ग हे आहे.

विकलजाच्या वाटेने न जाता हीच संख्या पडताळून पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. दर एका टक्क्याने वर व एका टक्क्याने खाली नेऊन दोन खऱ्या किमती काढाव्यात. येथे त्या ८ टक्क्यांना ८८.७४ व ६ टक्क्यांना ११३.७६ आहेत. त्यांची बेरीज २०२.५० भरते. तीतून मूळ किमतीची दुप्पट, म्हणजे २०० वजा केले की सुमारे २.५० उरतात. त्यास मूळ किंमत आणि बदलाचा वर्ग, म्हणजे १०० गुणिले ०.०००१, यांनी भागले असता सुमारे २५० मिळतात. २४९.३ शी हे उत्तर चांगलेच जुळते.

आता दुरुस्ती करून पाहू. दर दोन टक्क्यांनी बदलला, तर दुसरे पद अर्धे गुणिले २४९.३ गुणिले ०.०००४, म्हणजे ०.०४९९ होते, शंभर रुपयांमागे ४.९९ रुपये. दराचा बदल एक दशांश टक्क्याचा असता हेच पद सव्वा पैशाचे झाले असते. बदल वीस पट झाला की दुरुस्ती चारशे पट होते. मोठ्या बदलासच तिची गरज का भासते, हे यावरून स्पष्ट होईल. चारही बाबींतील आकडे खालील कोष्टकात दिले आहेत.

| नवा उत्पन्नदर (टक्के) | खरी किंमत | केवळ अवधीने | बहिर्वक्रतेसह |
|---|---|---|---|
| ५ | १३०.७४ | १२४.८२ | १२९.८० |
| ६ | ११३.७६ | ११२.४१ | ११३.६६ |
| ८ | ८८.७४ | ८७.५९ | ८८.८४ |
| ९ | ७९.४५ | ७५.१८ | ८०.१७ |

नऊ टक्क्यांच्या ओळीत ४.२७ ची चूक ०.७२ वर आली. पाच टक्क्यांच्या ओळीत ५.९३ ची चूक ०.९४ वर आली. चुकीचा पाचसहा हिस्से भाग दुरुस्तीने नाहीसा झाला, असे म्हणता येईल.

४

उरलेल्या चुकीचे स्वरूप मात्र पहिलीहून निराळे आहे. दर वाढला तेव्हा दुरुस्त केलेली किंमत खऱ्या किमतीच्या वर गेली आहे, आणि दर उतरला तेव्हा ती खाली राहिली आहे. श्रेणीतील तिसरे पद ऋण असते व त्यात बदलाचा घन येतो; त्यामुळे दोन बाजूंना चुकीचे चिन्ह पालटते. याचा व्यावहारिक अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. केवळ अवधीने काढलेले नुकसान खऱ्याहून अधिक असते, म्हणजे चूक सावधपणाच्या बाजूने होते. बहिर्वक्रतेची भर घातल्यावर, दर वाढण्याच्या प्रसंगी, अनुमान आशावादी होते. दुरुस्तीनंतरचा आकडा अधिक अचूक असतो, पण तो सुरक्षित बाजूचा राहत नाही.

चुकीच्या या वाढीवरूनच हिशेब बरोबर झाला आहे की नाही, हे ओळखता येते. केवळ अवधी वापरला तर आठ टक्क्यांना १.१५ ची चूक नऊ टक्क्यांना ४.२७ होते, बदल दुप्पट झाला की चूक जवळजवळ चौपट. दुरुस्तीनंतर ०.१० ची चूक ०.७२ होते, म्हणजे ती सातआठ पट वाढते. वर्गाच्या मानाने वाढणारी चूक गेली आणि घनाच्या मानाने वाढणारी राहिली, तर दुसरे पद बरोबर बसले असे समजावे. दुरुस्तीनंतरही चूक चौपटच होत असेल, तर बहिर्वक्रतेच्या संख्येत अथवा ती वापरण्याच्या रीतीत दोष आहे.

असा दोष बहुधा दोन ठिकाणी आढळतो. काही कोष्टकांत बहिर्वक्रता आधीच निम्मी करून दिलेली असते. तिला पुन्हा अर्ध्याने गुणले तर दुरुस्ती निम्मीच होते. उलट, पूर्ण संख्या असताना अर्ध्याने गुणावयाचे राहून गेले, तर दुरुस्ती दुप्पट होते. नऊ टक्क्यांना किंमत ८५.१५ येते, आणि मूळच्या ४.२७ च्या चुकीऐवजी ५.७० ची चूक पदरी पडते. दुसरे असे की, पुष्कळ ठिकाणी आटोपशीर आकडा मिळावा म्हणून बहिर्वक्रतेस शंभराने भागून देतात, २४९.३ च्या जागी २.४९ दिसते. कोणती प्रथा पाळली आहे हे न पाहता दोन कोष्टकांतील संख्या एकमेकींशी ताडून पाहणे निरर्थक होय. एकाच बदलासाठी खरी किंमत हाताने काढून पाहिली म्हणजे शंका उरत नाही.

५

बहिर्वक्रता केवळ अनुमान सुधारण्याच्या कामी येते असे नाही. दोन रोख्यांचा अवधी सारखा असूनही त्यांची बहिर्वक्रता भिन्न असू शकते, आणि त्या भेदातून लाभहानी निर्माण होते. १९५२ साली ब्रिटिश विमागणितज्ञ फ्रँक रेडिंग्टन याने आयुर्विमा संस्थांच्या मूल्यांकनाविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे तत्त्व अधिष्ठित आहे. संस्थेची मालमत्ता व तिची देणी यांचे वर्तमान मूल्य सारखे असावे आणि त्यांचा अवधी सारखा असावा, एवढ्याने भागत नाही. मालमत्तेचे दुसरे विकलज देण्यांच्या दुसऱ्या विकलजाहून मोठे असावे, असा त्याच्या उपपत्तीचा निष्कर्ष आहे.

वरील रोख्यावरूनच या अटीचे मर्म कळू शकते. एखाद्या संस्थेस पुढील तीस वर्षे दरसाल ७ रुपये व शेवटी १०० रुपये द्यावयाचे आहेत असे समजा. या देण्यासमोर तिने एकच रोखा धरला आहे. तो मध्ये काहीही व्याज देत नाही, आणि १३ वर्षे व सुमारे ३ महिन्यांनी एकरकमी पैसे देतो. आज दोन्हींचे मूल्य १०० रुपये आहे व अवधीही तोच, १३.२८ वर्षे. अवधीच्या दृष्टीने ही संस्था पूर्णतः संरक्षित आहे. परंतु त्या एकरकमी रोख्याची बहिर्वक्रता फक्त १६५.६ आहे, कारण त्याच्या रकमा काळात पसरलेल्या नाहीत. देण्यांची बहिर्वक्रता २४९.३ आहे. दर ९ टक्के झाला तर मालमत्ता ७८.२० रुपये व देणे ७९.४५ रुपये, तूट १.२५ रुपये. दर ५ टक्के झाला तर मालमत्ता १२८.४७ व देणे १३०.७४, तूट २.२७ रुपये. दर कोणीकडेही गेला तरी संस्था तोट्यातच जाते. पत्रकात अवधी जुळलेला दिसत असताना हा तोटा उद्भवतो, हेच त्यातील धोक्याचे स्थान.

तर मग अधिक बहिर्वक्रतेचा रोखा घ्यावा व निर्धास्त व्हावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काढण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे. एक म्हणजे, हा गुण बाजारासही ठाऊक असतो; ज्या रोख्याची बहिर्वक्रता अधिक, त्याचा उत्पन्नदर पुष्कळदा त्या मानाने कमी असतो आणि दर स्थिर राहिले तर हा कमीपणा धारकास सोसावा लागतो. दुसरी म्हणजे, वरील हिशेबात सर्व मुदतींचे दर एकाच वेळी व एकाच प्रमाणात बदलतात असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तेरा वर्षांचा दर स्थिर राहून तीस वर्षांचा दर तेवढा चढू शकतो. तशा प्रसंगी बहिर्वक्रता कितीही असली तरी संरक्षण मिळत नाही.

६

आता या दुरुस्तीची मर्यादा पाहू. ऑस्ट्रियाच्या सरकारने २०२० साली शंभर वर्षे मुदतीचा, २१२० मध्ये फेडावयाचा एक रोखा विक्रीस काढला. त्यावरील व्याज होते दरसाल केवळ ०.८५ टक्के. त्यानंतर जुलै २०२२ ते सप्टेंबर २०२३ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेने आपला ठेवदर उणे ०.५ टक्क्यापासून ४ टक्क्यांपर्यंत चढविला. युरोपातील दीर्घ मुदतीचे दरही वाढले आणि या रोख्याची किंमत दर्शनी मूल्याच्या निम्म्याहून पुष्कळ खाली गेली.

सोयीसाठी असे मानू की, रोखा प्रारंभी १०० ला होता व त्याचा उत्पन्नदर ०.८५ टक्के होता. तो दर पुढे ३ टक्क्यांवर गेला. या रोख्याचा सुधारित अवधी ६७.१८ येतो आणि बहिर्वक्रता जवळजवळ ५८००. दराचा बदल २.१५ टक्के. केवळ अवधीने काढलेली घट १४४.४ रुपये होते, म्हणजे किंमत उणे ४४.४! ज्या रोख्यातून केवळ पैसे मिळावयाचे आहेत, त्याची किंमत शून्याखाली जाणे अर्थातच अशक्य. बहिर्वक्रतेची भर १३४ रुपयांची. ती घातली की किंमत ८९.६ होते. खरी किंमत ३२.०६ आहे. पहिले अनुमान हास्यास्पद, आणि दुसरे त्याहून घातक, कारण ते पटण्याजोगे दिसते.

दोष सूत्राच्या आकड्यांत नसून त्याच्या उपयोगात आहे. श्रेणीची पदे झपाट्याने लहान होत जातात, या भरवशावर पहिली दोन पदे घेऊन बाकीची सोडून देण्यात येतात. येथे पहिले पद १४४ व दुसरे १३४ असल्याने तिसरे, चौथे ही पदेही मोठीच असणार. अवधी गुणिले दराचा बदल हा गुणाकार एकाच्या जवळ अथवा त्यापलीकडे गेला, की दोन पदांवर विसंबू नये. तीस वर्षांच्या रोख्यात तो सुमारे पाव होता, येथे तो १.४४ आहे. दुसऱ्या पदाचे पहिल्या पदाशी असलेले प्रमाण ही त्याची उघड खूण. तीस वर्षांच्या उदाहरणात ते एक पंचमांश होते. येथे दोन्ही पदे जवळजवळ सारखी आहेत.

अशा ठिकाणी एक उपाय उपयोगी पडतो. किमतीचा विस्तार न करता तिच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा विस्तार करावा. तेव्हा पहिले पद तेच राहते, पण दुसऱ्या पदात बहिर्वक्रतेच्या जागी बहिर्वक्रता उणे अवधीचा वर्ग ही संख्या येते :

```
P₁ ≈ P₀ · exp( −D·Δy + ½·(C − D²)·(Δy)² )
```

शंभर वर्षांच्या रोख्यास हे सूत्र लावले, तर घातांक उणे १.४४४ अधिक ०.२९७, म्हणजे उणे १.१४७ होतो आणि किंमत ३१.७५ मिळते. ती खऱ्या ३२.०६ च्या अगदी जवळ आहे. तीस वर्षांच्या रोख्यासही ९ टक्क्यांना ७९.५२ व ५ टक्क्यांना १३०.६४ अशी उत्तरे येतात. ती कोष्टकातील उत्तरांहून सरस आहेत. याचे कारण दूरचे नाही. वर्तमान मूल्य हे गुणाकाराने घटते, वजाबाकीने नव्हे. दूरच्या रकमेचे मूल्य दरागणिक ठरावीक रुपयांनी नव्हे तर ठरावीक हिश्श्याने कमी होत जाते. ज्या मापावर ही घट सरळ रेषेच्या अधिक निकट असते, त्या मापावर केलेला विस्तार साहजिकच अधिक टिकतो, आणि त्यातून ऋण किंमत कधीही निघत नाही.

अखेरीस हे लक्षात ठेवले पाहिजे की, वरील सर्व विवेचन ज्या रोख्यांच्या रकमा व तारखा निश्चित आहेत त्यांनाच लागू आहे. काही रोखे मुदतीपूर्वी फेडण्याचा अधिकार ऋणको राखून ठेवतो. दर पुरेसे उतरले की तो जुने कर्ज फेडून नवे स्वस्त कर्ज काढतो. त्यामुळे अशा रोख्याची किंमत फेडीच्या किमतीपाशी अडून राहते व तेथे वक्र उलट वाकतो. बहिर्वक्रता तेथे ऋण होते, आणि निश्चित रकमांवरून काढलेली धन संख्या वापरली तर दुरुस्ती चुकीच्या दिशेने होते. अशा रोख्याच्या बाबतीत वर-खाली दर नेऊन, ऋणकोचा अधिकार हिशेबात धरून काढलेल्या दोन किमतींवरूनच बहिर्वक्रता मोजावी लागते. तिचे चिन्ह काय येते, हे प्रथम पाहावे. तिचा आकार त्यानंतर.